ऑक्युलर मायक्रोमीटरचा एक भाग म्हणजे नेमके किती?

सरकीवरून ओढून काढलेला कापसाचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की मध्येमध्ये पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा तो दिसतो. या फितीची रुंदी मोजण्यासाठी आयपीसमध्ये काचेची एक छोटी गोल चकती बसवतात. तिच्यावर बहुधा 100 समान भागांची पट्टी कोरलेली असते. आपल्याकडे प्रयोगशाळांत तिला ऑक्युलर मायक्रोमीटर म्हणतात. तंतू या पट्टीचे सात भाग व्यापतो, एवढे लगेच वाचता येते. पण सात भाग म्हणजे किती मायक्रॉन, हे पट्टीवर कुठेही लिहिलेले नसते आणि लिहिता येणेही शक्य नसते.

याचे कारण पट्टीच्या जागेत आहे. ऑब्जेक्टिव्ह भिंगाने तयार केलेली तंतूची मोठी प्रतिमा आयपीसच्या आत ज्या प्रतलावर पडते, नेमक्या त्याच प्रतलावर ही चकती बसलेली असते. त्यामुळे ऑब्जेक्टिव्ह बदलले की तंतू लहानमोठा दिसतो, पट्टी मात्र आहे तेवढीच राहते, आणि तिच्या एका भागाची किंमत प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळी ठरते. ती ठरवण्यासाठी तंतूच्या जागी स्टेज मायक्रोमीटर ठेवतात. ही एक साधी दिसणारी स्लाइड असते. तिच्यावर 1 मिलिमीटर लांबीची पट्टी 100 समान भागांत कोरलेली असते, म्हणजे प्रत्येक भाग 10 मायक्रॉनचा.

सुरुवात डोळ्यापासून करावी. आयपीसचे वरचे भिंग फिरवून आधी पट्टीच्या रेषा डोळ्यावर ताण न येता स्पष्ट दिसू द्याव्यात, आणि मगच स्टेज मायक्रोमीटरवर फोकस करावा. हा क्रम चुकला की डोके जरा हलवताच एक पट्टी दुसरीवरून सरकल्यासारखी दिसते. असे सरकणे दिसले तर पुढचे कोणतेही वाचन घेऊ नये. कोरलेल्या रेषा फार बारीक असल्याने त्या प्रखर प्रकाशात हरवतात, म्हणून कंडेन्सरचा पडदा थोडा मिटून त्या आधी 10X ऑब्जेक्टिव्हखाली शोधाव्यात आणि नंतर 40X वर जावे. आयपीस फिरवून दोन्ही पट्ट्या समांतर केल्या, की त्यांची शून्ये जुळवायची आणि शक्य तितक्या लांब कुठे पुन्हा दोन रेषा तंतोतंत जुळतात ते पाहायचे.

समजा, 40X वर ऑक्युलरची 82 वी रेषा स्टेजच्या 20 व्या रेषेशी जुळली. तेव्हा 82 भाग म्हणजे 200 मायक्रॉन, आणि एक भाग 2.44 मायक्रॉन. लांबची जुळणी का घ्यायची, तेही येथेच कळते. अर्ध्या भागाची चूक 82 भागांत झाली तर ती एक टक्क्याहूनही कमी असते. जवळच्या चार भागांवर समाधान मानले तर तीच चूक बारा टक्क्यांवर जाते. 40X खाली स्टेजच्या रेषांना स्वतःचीच जाडी दिसू लागते, म्हणून दोन्ही टोकांना रेषेची एकच कड, उदाहरणार्थ डावी, जुळवावी.

आता तंतूकडे येऊ. तो पाण्यात ठेवला तर फुगतो, म्हणून लिक्विड पॅराफिनच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप ठेवावी आणि पिळाच्या जागा टाळून मोजावे. 30 तंतूंच्या रुंदीची बेरीज 213 भाग आली, तर सरासरी 7.1 भाग, म्हणजे 17.3 मायक्रॉन. हीच पट्टी 10 मिलिमीटरचे 100 भाग करून कोरलेली असेल, तर ऑब्जेक्टिव्हवर छापलेल्या 40 या आकड्यावर विसंबून एका भागाची किंमत 2.5 मायक्रॉन निघते, आणि उत्तर 17.8 येते.

एकेका वाचनात अर्ध्या भागाची, म्हणजे सुमारे सव्वा मायक्रॉनची चूक सहज होते. मग अर्ध्या मायक्रॉनच्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न योग्यच आहे. वाचनातली चूक कधी कमी, कधी जास्त अशी होते, आणि 30 तंतू मोजले की ती बरीचशी आपसांत फिटते. भागाची किंमतच चुकीची असेल तर प्रत्येक तंतू त्याच प्रमाणात रुंद ठरतो, आणि 3000 तंतू मोजले तरी ती चूक तसूभरही कमी होत नाही. मला ही चूक अधिक घातक वाटते, कारण आकड्यांकडे पाहून ती ओळखू येत नाही. 10X ची किंमत चुकून 40X ला वापरली तर तंतू चौपट रुंद निघतो आणि शंका येते, 17.8 मायक्रॉनच्या कापसाबद्दल कोणाला शंका येणार?

काढलेली किंमत त्या एका आयपीसची आणि त्या एका ऑब्जेक्टिव्हची असते. शेजारच्या सूक्ष्मदर्शकावरही 40X च लिहिले आहे म्हणून ती तिथे चालत नाही. काही जुन्या दोन डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकांत आयपीसमधले अंतर आपल्या डोळ्यांनुसार बदलले की नळीची लांबीही बदलते आणि किंमत किंचित हलते. अशा यंत्रावर ते अंतर दाखवणारा आकडाही किंमतीसोबत लिहून ठेवावा, आणि दुसऱ्या कोणी मोजायला बसण्यापूर्वी स्टेज मायक्रोमीटर पुन्हा एकदा खाली सरकवावा.