सतत आक्षेपाचा नियम

रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा एखादा नियम आकार घेत असतानाच जे राज्य त्याला उघड विरोध करते आणि तो विरोध पुढेही सोडत नाही, त्या राज्याला तो नियम पक्का झाल्यावरही लागू करता येत नाही. या तत्त्वाला सतत आक्षेपाचा नियम म्हणतात. अभ्यासकांच्या बोलण्यात मात्र ‘पर्सिस्टंट ऑब्जेक्टर’ हाच शब्द रुळलेला आहे.

करारातून येणारे बंधन तो करार स्वीकारणाऱ्या राज्यांपुरते असते. रूढीचे तसे नाही. राज्ये एखादी गोष्ट व्यापक प्रमाणावर आणि सातत्याने करू लागली, शिवाय कायद्यानेच तसे करणे भाग आहे अशी त्यांची धारणा झाली, की नियम तयार होतो आणि तो सर्वांना लागू होतो. प्रत्येक राज्याची वेगळी संमती कोणी विचारत नाही. ज्याने प्रतिक्रिया द्यायला हवी होती आणि तशी संधीही होती, ते राज्य गप्प बसले तर त्याचे मौन संमतीच्या बाजूने धरले जाऊ शकते. म्हणून ज्याला नियम नको आहे त्याला वेळेत बोलावे लागते. सतत आक्षेपाचा नियम या बोलण्याला कायदेशीर किंमत देतो. मात्र अनेक राज्ये बोलली तर नियमच तयार होत नाही. त्यामुळे ही सवलत स्वभावतःच एकट्यादुकट्या राज्याची आहे.

या तत्त्वासाठी हमखास दाखवला जाणारा निकाल म्हणजे ब्रिटन आणि नॉर्वे यांच्यातील मासेमारीचा खटला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो १८ डिसेंबर १९५१ रोजी दिला. नॉर्वेचा किनारा खोल फियॉर्डांनी चिरलेला आहे आणि त्याच्यापुढे बेटे व खडकांची दाट रांग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश ट्रॉलर तेथे येऊ लागले, पुढे काही पकडलेही गेले, आणि वाद वाढत गेला. १२ जुलै १९३५ च्या राजाज्ञेने नॉर्वेने किनाऱ्यावरचे आणि बेटाखडकांवरचे ४८ बिंदू सरळ रेषांनी जोडले आणि त्या रेषांपासून बाहेर चार सागरी मैलांचा पट्टा आपला ठरवला. त्यातील काही रेषा खूपच लांब होत्या. एक तर ४४ मैलांची होती. ब्रिटनचे म्हणणे असे की उपसागराच्या तोंडावर आखायची रेषा दहा मैलांहून लांब असू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

न्यायालयाने याला दोन उत्तरे दिली. पहिले असे की दहा मैलांचा नियम काही राज्यांनी स्वीकारला असला तरी इतरांनी वेगळ्या मर्यादा ठेवल्या आहेत, त्यामुळे तो सार्वत्रिक नियम झालेलाच नाही. वादाचा हा मुद्दा खरे तर तिथेच संपत होता. पण न्यायालयाने पुढे एक वाक्य जोडले: काहीही असले तरी हा नियम नॉर्वेविरुद्ध लागू होणार नाही, कारण आपल्या किनाऱ्याला तो लावण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला नॉर्वेने नेहमीच विरोध केला आहे. सतत आक्षेपाच्या नियमाची बरीचशी इमारत या एका जोडवाक्यावर उभी आहे, आणि निकालाला त्याची गरज नव्हती. म्हणूनच काही अभ्यासक त्याला ओझरते मत मानतात. उलट बाजूने हेही सांगायला हवे की खटल्यात ब्रिटन आणि नॉर्वे दोघांनाही हे तत्त्व मान्य होते. भांडण ते लागू पडते की नाही याचे होते.

नॉर्वेची बाजू भक्कम होण्याचे कारण तिच्या जुन्या कागदपत्रांत आहे. १८६९ च्या राजाज्ञेने सुनमोर भागात तिने २६ मैलांची सरळ रेषा आखली होती. फ्रान्सने लगेच खुलासा मागितला, नॉर्वेने १८७० मध्ये आपल्या पद्धतीचे कारण लेखी कळवले आणि फ्रान्सने विषय वाढवला नाही. १८८९ मध्ये शेजारच्या रोम्सदाल भागासाठी तशाच रेषा आल्या. ब्रिटनचा औपचारिक निषेध मात्र १९३३ मध्ये आला, म्हणजे पहिल्या राजाज्ञेनंतर साठहून अधिक वर्षांनी. उत्तर समुद्रातील मासेमारीत ब्रिटनचा एवढा मोठा हितसंबंध असताना त्याला हे माहीत नव्हते, असे न्यायालयाला पटले नाही. नीट पाहिले तर या प्रकरणात नॉर्वेचा आक्षेप आणि ब्रिटनचे मौन हे दोन्ही धागे एकत्र विणलेले आहेत. माझ्या मते निकालाचा भार दुसऱ्या धाग्यावर जास्त आहे, आणि नुसत्या आक्षेपाचे उदाहरण म्हणून तो वाचताना हे विसरू नये.

त्याआधी वर्षभर, २० नोव्हेंबर १९५० रोजी, याच न्यायालयाने कोलंबिया आणि पेरू यांच्यातील आश्रयाच्या खटल्यात असाच विचार मांडला होता. दूतावासात आश्रय देण्याची काही प्रादेशिक रूढी लॅटिन अमेरिकेत असली असे धरले, तरी पेरूने त्या विषयावरचे माँटेव्हिडिओ करार मान्य न करून ती नाकारली आहे, म्हणून ती पेरूला बांधत नाही, असे न्यायालय म्हणाले. येथेही रूढी सिद्ध झालेली नव्हतीच. रूढी सिद्ध झाली आणि केवळ आक्षेपामुळे एखादे राज्य तिच्यातून सुटले, असा या न्यायालयाचा निकाल नाही.

इतक्या बारीक आधारावरचा हा नियम आज मुख्य प्रवाहात मान्य आहे तो संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगामुळे. आयोगाने २०१८ मध्ये रूढ कायदा कसा ओळखावा यावर १६ निष्कर्ष दिले. त्यातील पंधरावा या विषयाचा आहे. आक्षेप नियम घडत असताना घेतलेला असावा, स्पष्ट शब्दांत मांडलेला असावा, इतर राज्यांना कळवलेला असावा आणि सातत्याने टिकवलेला असावा. असे राज्य आक्षेप कायम ठेवील तोवरच नियमाबाहेर राहते.

यातली प्रत्येक अट प्रत्यक्षात कुठे तरी अडते. परराष्ट्र खात्याच्या फायलीत लिहून ठेवलेली नाराजी उपयोगाची नाही; ती राजनैतिक पत्रातून, परिषदेतील निवेदनातून, मतदानानंतरच्या खुलाशातून किंवा तशा उघड मार्गाने बाहेर यावी लागते. ‘हा नियम आम्हाला गैरसोयीचा आहे’ एवढे म्हणणे पुरत नाही. ‘हा कायदा म्हणून आम्हाला मान्य नाही’ असा सूर हवा. प्रत्येक प्रसंगी तेच तेच बोलण्याची सक्ती नाही, पण जिथे बोलणे अपेक्षित आहे तिथे गप्प राहिले तर सातत्य तुटते. सर्वांत अवघड अट वेळेची. रूढी कोणत्या दिवशी पक्की झाली हे कोणीच जाहीर करत नाही. आदल्या दिवशी केलेला विरोध आक्षेप ठरतो आणि नंतरचा विरोध निव्वळ उल्लंघन. म्हणून सावध सरकारे एखादा मसुदा चर्चेला आला की तेव्हाच आपले म्हणणे नोंदवतात.

याच अटीतून या नियमावरची सर्वांत सडेतोड टीका उभी राहते. वसाहतवाद संपल्यावर स्वतंत्र झालेल्या राज्यांना जुने नियम घडताना बोलण्याची संधीच नव्हती, आणि प्रचलित मतानुसार ते नियम त्यांना जसेच्या तसे बांधतात. आजही प्रत्येक परिषदेवर नजर ठेवून वेळेत निवेदन करायला मोठे परराष्ट्र खाते लागते, आणि ते सर्वांकडे नसते. संमतीच्या नावाने दिलेली ही सवलत सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, ही तक्रार रास्त आहे.

सवलत मिळाली तरी ती किती टिकते हे प्रादेशिक समुद्राच्या रुंदीवरून दिसते. अमेरिका, ब्रिटन आणि जपान या सागरी सत्तांनी तीन मैलांचीच मर्यादा धरून ठेवली होती. किनारपट्टीवरची राज्ये एकामागून एक बारा मैलांवर हक्क सांगत गेली तेव्हा अमेरिकेने विरोध केला. बारा मैल मान्य केले की शंभराहून अधिक सामुद्रधुन्या पूर्णपणे कोणाच्या ना कोणाच्या प्रादेशिक समुद्रात जाणार होत्या, ही तिची खरी चिंता होती. पण विरोध करून हाती काय लागले? इतर राज्ये मागे हटली नाहीत, आणि त्यांच्या बारा मैलांच्या पट्ट्यात अमेरिकी बोटींना दर वेळी वाद ओढवून घ्यावा लागे. स्वतःच्या किनाऱ्यावर मात्र अमेरिका तीन मैलांवरच थांबलेली, म्हणजे आक्षेपाचा तोटा तिचाच. जपानने १९७७ मध्ये बारा मैल स्वीकारले. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने बारा मैलांची मर्यादा आणि सामुद्रधुन्यांतून जाण्याचा हक्क दोन्ही एकत्र दिले. ब्रिटनने १९८७ मध्ये आणि अमेरिकेने २७ डिसेंबर १९८८ च्या घोषणेने तीन मैल सोडले. आक्षेपाने त्यांना नियमाबाहेर कायमचे ठेवले नाही. आपल्याला हवी ती तडजोड मिळेपर्यंत ताणून धरण्याची सोय तेवढी दिली.

चीनचे उदाहरण अधिक जवळचे आहे. परकीय राज्याला व्यापारी व्यवहारांबाबतही आपल्या न्यायालयात खेचता येणार नाही, ही जुनी भूमिका बहुतेक देशांनी सोडली तरी चीनने ती सोडली नव्हती. २००५ मध्ये चीनने या विषयावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही केली, आणि तो करार व्यापारी व्यवहारांना अपवाद करतो. मग हाँगकाँगमध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकाविरुद्ध एका धनकोने जुन्या कर्जाच्या वसुलीचा दावा लावला, तेव्हा प्रश्न आला की सहीने चीनची भूमिका बदलली का. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या तेथील कार्यालयाने न्यायालयासाठी पत्र दिले: करार चीनने अजून मंजूर केलेला नाही, तो अमलातही आलेला नाही, आणि भूमिका पूर्वीचीच आहे. विरोध टिकवणे म्हणजे काय, ते या पत्रात दिसते. एक सही संशय निर्माण करू शकते, म्हणून तिचा अर्थ लेखी खुलासा करून आवळून धरावा लागतो. ८ जून २०११ रोजी हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी काँगोची दाव्यापासूनची प्रतिरक्षा मान्य केली. त्यामागचे मुख्य कारण हाँगकाँगने बीजिंगहून वेगळी भूमिका घेऊ नये हे होते; सतत आक्षेपाच्या नियमावर तो निकाल उभा नाही. पुढे चिनी कंपन्यांचेच परदेशी सरकारांशी व्यवहार वाढले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये चीनने स्वतःच कायदा करून व्यापारी व्यवहारांचा अपवाद स्वीकारला. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू आहे.

एका जागी मात्र हा नियम थांबतो. वंशहत्या, गुलामगिरी, छळ, वर्णभेद यांच्यावरील बंदीसारखे काही नियम अनुल्लंघनीय मानले जातात आणि त्यांच्यातून कोणालाही बाहेर पडता येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारने वर्षानुवर्षे विरोध केला, तरी त्या विरोधाने त्याला सूट मिळाली असे कोणी मानले नाही. गुन्ह्याच्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांना फाशी देण्याचा प्रश्न अमेरिकेबाबत आला, तेव्हा आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने २००२ मध्ये ही बंदी अनुल्लंघनीय झाल्याचे म्हटले, म्हणजे आक्षेपाला तिथे जागाच उरली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २००५ रोजी आपल्या राज्यघटनेच्या आधारे अशी शिक्षा रद्द केली.

२०१८ च्या निष्कर्षांत विधी आयोगाने हा मुद्दा मोकळा ठेवला होता. २०२२ च्या निष्कर्षांत त्याने स्पष्ट लिहिले की सतत आक्षेपाचा नियम अनुल्लंघनीय नियमांना लागू होत नाही. एखादा नियम त्या दर्जाचा ठरायला सर्वच राज्यांची मान्यता लागत नाही, फार मोठ्या आणि प्रातिनिधिक बहुमताची लागते, असेही त्यात आहे. म्हणजे एकटे राज्य आपल्या आक्षेपाने साध्या रूढीबाहेर राहू शकते, पण त्या रूढीला वरचा दर्जा मिळू लागला तर तो त्याला एकट्याला अडवता येत नाही, आणि दर्जा मिळाल्यावर त्याचा जुना आक्षेपही कामाचा राहत नाही.