बाग देणे आणि बागेतून रक्कम देणे

देवगडकडे हापूस कलमांची बाग असलेल्या गृहस्थांनी मृत्युपत्रात ‘माझी अमुक गटातील बाग मुलीला द्यावी’ असे लिहिले, किंवा ‘माझ्या बागेतून मुलीला १० लाख रुपये द्यावेत’ असे लिहिले. बाग हातात असेपर्यंत दोन्हींत फारसा फरक वाटत नाही. ती विकल्यावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

समजा, वडिलांनी हयातीतच बाग ४० लाखांना विकली आणि पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवले. घरी दोन मुलगे आहेत, आई हयात नाही. मृत्युपत्रात ‘बाकीची सर्व मिळकत मुलग्यांना’ असेही लिहिलेले आहे.

पहिल्या वाक्याने विशिष्ट वस्तूच दिलेली आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम १५२ सांगते की मृत्यूच्या वेळी ती वस्तू मृत्युपत्र करणाऱ्याची नसेल, किंवा तिचे वेगळ्या प्रकारच्या मिळकतीत रूपांतर झाले असेल, तर ते दान रद्द होते. बागेचे पैसे झाले, म्हणून मुलीला बागही नाही आणि ठेवही नाही. ‘हे बागेचेच पैसे आहेत’ असे पासबुकावरून दाखवता आले तरी उपयोग नाही. ४० लाख ‘बाकीच्या मिळकतीत’ पडतात आणि मुलग्यांकडे जातात. बाकीच्या मिळकतीचे कलमच नसते, तर हिंदू वारसा कायद्याने तिघांना सारखा वाटा मिळाला असता. पण लाभार्थी पुतण्या असता, तर त्याला तेव्हाही काहीच मिळाले नसते, कारण मुले असताना तो वारसच नाही.

दुसऱ्या वाक्यात रक्कम दिलेली आहे. बाग फक्त ती कुठून काढायची हे दाखवते. कलम १५३ प्रमाणे बाग नसली तरी असे दान रद्द होत नाही. कर्जे भागवून उरलेल्या सर्वसाधारण मालमत्तेतून, म्हणजे इथे ठेवीतून, मुलीला १० लाख मिळतात.

पुष्कळ घरांत वाद होतो तो सातबाऱ्यावरून. फेरफार व्हायला वेळ लागतो, म्हणून वडिलांचे नाव अजून दिसत असते आणि मुलीला आशा वाटते. पण मालकी नोंदलेल्या खरेदीखताने जाते. ते दुय्यम निबंधकांच्या सूची क्रमांक २ मध्ये पाहावे. उलट फक्त साठेखत झालेले असताना वडील वारले, तर बाग त्यांचीच असते. ती मुलीकडे येते, साठेखताचे बंधन घेऊन. आणि बागेचा तुकडाच विकला असेल, तर उरलेला भाग मुलीला मिळतो.

मुलीला काहीतरी मिळावेच असे ज्याला मनापासून वाटते, त्याने खरेदीखत झाल्याबरोबर पुरवणी मृत्युपत्र करावे. त्यालाही दोन साक्षीदार लागतात. मूळ मृत्युपत्रातच सोय करायची असल्यास असे लिहावे: ‘माझ्या हयातीत बाग विकली गेली, तर तिच्याऐवजी मुलीला माझ्या इतर मालमत्तेतून २५ लाख रुपये द्यावेत.’ आकडा लिहिणे चांगले. ‘विक्रीची रक्कम द्यावी’ असे लिहिले आणि पैसे घरदुरुस्तीत खर्च झाले, तर काय द्यायचे यावर पुन्हा भांडण उभे राहते.