धागा जाळून हातमाग ओळखता येतो का?

“पदराचा धागा जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला तर साडी हातमागाची, नाहीतर मशीनची.”

असा सल्ला ऐकायला मिळतो, पण वासावरून कळतो तो फक्त तंतू. रेशीम केसासारखं जळतं, सूत कागदासारखं. यंत्रमागावरही शुद्ध रेशीम आणि शुद्ध सूतच विणता येतं. म्हणजे म्हापशाच्या बाजारात घेतलेली अस्सल हातमागाची सुती कुणबी साडी या कसोटीवर हकनाक नापास होईल.

माग ओळखायचा तर विणीकडे बघा. चौकड्यांच्या साडीत हे सोपं जातं. आडव्या रेघांमधलं अंतर साडीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा, शक्य असेल तर भिंगाखाली एका इंचातले आडवे धागेही. समजा, ते ५२, ५५, ५० आले: हाताच्या ठोक्यात असा थोडा फरक पडतोच. तिन्ही ठिकाणी तंतोतंत ५४ आले, तर यंत्रमागाचा संशय घ्यावा.

मग कड उलटून बघा. आडवा धागा वळून परत आत न जाता कडेला कापलेला, झालरीसारखा दिसला, तर ती आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याविना चालणाऱ्या यंत्राची वीण. धागा वळलेला असला म्हणून मात्र हातमाग सिद्ध होत नाही, कारण धोट्याच्या यंत्रमागावरही तो वळतो. कसबी विणकराची वीणही फार एकसारखी येते, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.