आई कॅरिअर, बाबा नाहीत, मग बाळाला आजार आला कुठून?

रिपोर्टच्या तीन ओळी असतात. बाळ: F508del, दोन्ही कॉपीत. आई: एका कॉपीत. बाबा: निगेटिव्ह. सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसात आणि स्वादुपिंडात चिकट घट्ट स्राव साठत जाणारा आजार, आणि F508del हे त्याचं सगळ्यात जास्त सापडणारं म्युटेशन. आजार रिसेसिव्ह, म्हणजे जीनच्या दोन्ही कॉपी बिघडलेल्या असतील तरच होतो, एक चांगली असली की माणूस ठणठणीत, फक्त कॅरिअर. शाळेत शिकलो तेच गणित, दोघं कॅरिअर असतील तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता. पण इथे बाबा कॅरिअरच नाहीत. मग दुसरी बिघडलेली कॉपी आली कुठून?

असा रिपोर्ट हातात आला की घरात पहिली शंका कुठे जाते हे सांगायला नको, आणि ती कुणाकडे बोट दाखवून जाते हेही सांगायला नको. म्हणून हा लेख. कारण याचं एक उत्तर असं आहे की बाबा तेच आहेत, आईनेच दिलंय, फक्त एकदा नाही तर दोनदा. याला म्हणतात युनिपॅरेंटल डायसोमी, थोडक्यात यूपीडी. क्रोमोसोमच्या एखाद्या जोडीतले दोन्ही क्रोमोसोम एकाच पालकाकडून येणं.

ही कल्पना आधी कागदावर आली. 1980 मध्ये एरिक एंगेल या जेनेटिसिस्टने मांडलं की बीजपेशी बनताना क्रोमोसोम वाटून घेण्यात चुका तर सतत होतच असतात, मग दोन चुका एकमेकींना झाकून टाकत असतील तर? एकूण संख्या 46च राहील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. प्रत्यक्ष आजारी माणसात ते सापडायला 1988 उजाडलं. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये आर्थर बोडे यांच्या टीमकडे एक मुलगी होती, तिला सिस्टिक फायब्रोसिस होताच, पण त्यासोबत तिची उंचीही फार कमी होती. कॅरिओटाइप केला, म्हणजे मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोम मोजले, तर 46,XX, एकदम नॉर्मल. आणि तो नॉर्मलच येणार, कारण मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोमची संख्या आणि आकार दिसतो, कुठला आईचा कुठला बाबांचा हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

तेव्हा सिस्टिक फायब्रोसिसचा जीन सापडलेलाही नव्हता, तो सापडला 1989 मध्ये. एवढंच माहीत होतं की तो सातव्या क्रोमोसोमवर आहे. म्हणून त्यांनी म्युटेशन न शोधता खुणा शोधल्या. डीएनएमध्ये माणसागणिक बदलणाऱ्या जागा असतात, त्यांना मार्कर म्हणतात, आणि त्यावरून कुठला तुकडा कुणाकडून आला हे ओळखता येतं. समजायला सोपं जावं म्हणून मी मनाने आकडे घेते. सातव्या क्रोमोसोमवरच्या एका मार्करवर आईकडे 12 आणि 15, बाबांकडे 9 आणि 18. बाळाकडे आईचा एक आणि बाबांचा एक आकडा यायला हवा, म्हणजे 12 आणि 9, नाहीतर 15 आणि 18, असं काहीतरी. पण बाळाकडे येतं 12 आणि 12. त्याच क्रोमोसोमवर पुढे दुसरा मार्कर बघा, तिसरा बघा, बाबांचं काहीच नाही, सगळीकडे आईचंच आणि तेही एकच, दुहेरी. मग तेराव्या क्रोमोसोमवर जा. आई 7 आणि 10, बाबा 8 आणि 11, बाळ 10 आणि 8. इथे बाबा व्यवस्थित हजर. असेच बाकीच्या क्रोमोसोम्सवरही हजर. त्या मुलीत हाच नमुना दिसला, आईचा एकच सातवा क्रोमोसोम तिच्याकडे दोनदा आलेला, वडिलांचा सातवा नाहीच, आणि इतर ठिकाणच्या खुणा मात्र वडिलांशी जुळत होत्या.

मला या तपासणीत सगळ्यात आवडतं ते हे, की ज्या टेस्टने यूपीडी सिद्ध होतं तीच टेस्ट पितृत्वाची शंकाही मिटवते. बाबा वेगळे असते तर फक्त सातव्यावर नाही, सगळ्याच क्रोमोसोम्सवर जागोजागी न जुळणाऱ्या खुणा दिसल्या असत्या. एकच क्रोमोसोम बिनसलाय आणि उरलेले सगळे जुळतायत, याचा अर्थ तिथे क्रोमोसोमच्या वाटपात घोळ झालाय.

आता हा घोळ होतो कसा. आईकडे सातव्या क्रोमोसोमच्या दोन कॉपी असतात, एक तिच्या आईकडून आलेली आणि एक तिच्या वडिलांकडून, म्हणजे बाळाच्या आजीची आणि आजोबांची. बीजांडात त्यातली एकच जायला हवी (खरं तर दोघींचे तुकडे अदलाबदल होऊन एक मिश्र कॉपी जाते, पण ते थोडं बाजूला ठेवू). कधी दोन्ही जातात. शुक्राणूकडून नेहमीसारखी एक आली की गर्भात तीन होतात, आणि तीन सातवे क्रोमोसोम घेऊन गर्भ सहसा जगतच नाही. पण सुरुवातीच्या विभाजनांत एखाद्या पेशीतून तिसरा गळून पडला तर ती पेशी वाचते आणि बाळ तिच्यापासून वाढतं. कुठला गळतो यावर कुणाचा ताबा नाही, साधारण तीनातल्या एका वेळी बाबांचा गळतो आणि मागे उरतात आईच्या दोन. दुसरा रस्ता उलटा आहे, शुक्राणूमध्ये सातवा क्रोमोसोम आलाच नाही, गर्भात आईचा एकच, आणि एकावर गर्भ जगू शकत नाही, तेव्हा पेशी त्या एकाचीच झेरॉक्स काढते. संख्या पूर्ण झाली, गर्भ वाचला, पण त्या एका कॉपीत जो बिघाड होता तोही दोनदा आला.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. आजीची एक आणि आजोबांची एक अशा आईच्या दोन वेगळ्या कॉपी आल्या तर तिला हेटेरोडायसोमी म्हणतात, आणि त्यात बाळाला हा आजार होत नाही, कारण आईची एक कॉपी बिघडलेली असली तरी दुसरी चांगली कॉपीही बाळाला मिळालेली असते. एकाच कॉपीच्या दोन प्रती आल्या तर ती आयसोडायसोमी, आणि रिसेसिव्ह आजार उघडा पडतो तो इथे. त्या अदलाबदलीमुळे एकाच क्रोमोसोमवर काही भाग वेगवेगळे आणि काही भाग एकसारखे असंही होतं, तेव्हा आपला जीन नेमका कुठल्या पट्ट्यात पडतो त्यावर सगळं ठरतं. ह्यूस्टनच्या मुलीत तपासलेल्या सगळ्या खुणा एकसारख्या होत्या, म्हणून तिथे झेरॉक्सवाला रस्ता जास्त पटतो.

आणि तिची उंची? सिस्टिक फायब्रोसिसमध्ये मुलं वजनाला आणि उंचीला मागे राहतात हे खरं, पण पुढे लक्षात आलं की सातवे दोन्ही क्रोमोसोम आईकडूनच आले तर आजार नसतानाही वाढ खुंटते. याचं कारण काही जीन असे असतात की ते आईकडून आलेत की वडिलांकडून यावर चालू किंवा बंद राहतात, याला इम्प्रिंटिंग म्हणतात. सातव्यावर असे जीन आहेत, आणि जन्मापासून लहानखुरी असणाऱ्या सिल्व्हर-रसेल सिंड्रोमच्या काही मुलांमध्ये नेमकं हेच कारण निघतं. म्हणजे त्या मुलीच्या दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचं मूळ एकच होतं. रिसेसिव्ह आजारासोबत त्या आजारात न बसणारं असं काही दिसलं की डॉक्टरांच्या मनात यूपीडी यायला हवं ते यामुळेच.

आज मार्कर एकेक करून बघत बसावं लागत नाही, एसएनपी अॅरे किंवा एक्झोम सिक्वेन्सिंग केलं की लाखो किंवा हजारो जागा एकदम दिसतात आणि आयसोडायसोमी असेल तर एका क्रोमोसोमवर एक लांबच लांब पट्टा दिसतो जिथे दोन्ही कॉपी तंतोतंत सारख्या आहेत. आपल्याकडे इथे गोंधळ होऊ शकतो. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत चालतं, आणि अशा जोडप्याच्या बाळात सारखे पट्टे दिसणारच. पण ते बऱ्याच क्रोमोसोम्सवर विखुरलेले असतात, यूपीडीत एकाच क्रोमोसोमवर असतात. हेटेरोडायसोमी मात्र नुसत्या बाळाच्या सॅम्पलमध्ये दिसतच नाही, तिथे दोन्ही कॉपी वेगळ्या असल्यामुळे सगळं नॉर्मल वाटतं, त्यासाठी आई, बाबा, बाळ तिघांचं रक्त लागतंच.

सगळ्यात घातक चूक वेगळीच आहे. रिपोर्टमध्ये बाळाच्या 'दोन्ही कॉपीत म्युटेशन' लिहिलंय, पण मशीनला दोन कॉपी दिसल्या की एकच दिसली? समजा बाबांच्या एका क्रोमोसोमवरून जीनचा तो तुकडाच गायब आहे आणि तोच क्रोमोसोम बाळाला मिळाला, तर बाळाकडे आईची बिघडलेली एकच कॉपी उरते, समोर तुलनेला दुसरी नाही, आणि सिक्वेन्सिंगमध्ये ती दोन सारख्या कॉपी असल्यासारखीच दिसते. बाबा F508del साठी निगेटिव्हच येणार, कारण त्यांच्यात ते म्युटेशन नाहीच, त्यांच्यात तुकडा गायब आहे. पण म्हणजे बाबा कॅरिअर आहेत! पुढच्या बाळाला 25 टक्के धोका आहे! अशा वेळी 'यूपीडी असेल' म्हणून निर्धास्त राहिलं तर दुसरं मूलही आजारी होऊ शकतं. म्हणून यूपीडी म्हणण्याआधी त्या जीनच्या कॉपी मोजायच्या, एमएलपीए सारख्या टेस्टने. कॉपी दोन निघाल्या आणि बाबांच्या खुणा अख्ख्या क्रोमोसोमवर किंवा मोठ्या पट्ट्यात गायब असल्या, तर यूपीडी. कॉपी एक निघाली, तर बाबांचीही तीच टेस्ट करायची. बाबांचं बाकी सगळं जुळतंय आणि बिघाड फक्त त्या एका जागेपुरता आहे, असं असेल तर बाबांच्या बाजूच्या कॉपीत नव्याने झालेलं म्युटेशन, किंवा टेस्टमध्ये बाबांची कॉपी वाचलीच न जाणं, हेही तपासावं लागतं.

हे कितपत घडतं? 2019 मध्ये 40 लाखांहून जास्त लोकांच्या डीएनएवर झालेल्या अभ्यासातून अंदाज आला की साधारण 2000 जन्मांमागे एकात कुठल्या ना कुठल्या क्रोमोसोमचं यूपीडी असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना काहीही त्रास नसतो. त्रास सहसा तेव्हा होतो जेव्हा इम्प्रिंटिंगवाला क्रोमोसोम सापडतो, किंवा दोनदा आलेल्या त्या कॉपीत आधीच बिघाड असतो.

आता त्या तीन ओळींच्या रिपोर्टकडे परत या. यूपीडी पक्कं झालं असेल तर बाबा खरोखरच कॅरिअर नाहीत, आणि पुढच्या बाळासाठी 25 टक्क्यांचं गणित लागू होत नाही. वाटपाची चूक त्याच क्रोमोसोमवर पुन्हा होणं फारच दुर्मीळ, धोका एक टक्क्याच्याही खाली. पुढचं मूल आईसारखं कॅरिअर व्हायची शक्यता 50 टक्के राहते, पण कॅरिअर आजारी नसतो. अपवाद एवढाच की 13, 14, 15, 21, 22 यातल्या क्रोमोसोमचं यूपीडी असेल तर आई-बाबांचाही कॅरिओटाइप करून घ्यायचा, कारण हे क्रोमोसोम एकमेकांना चिकटलेले असू शकतात आणि तसे असले तर धोका वाढतो. सातव्याच्या बाबतीत हा प्रश्न सहसा येत नाही. काउन्सेलिंगला जाताना तिघांचे रिपोर्ट सोबत न्या आणि हा एक प्रश्न विचाराच: बाळाच्या जीनच्या कॉपी मोजल्यात का?