व्हीआरमध्ये चालताना गाडी का लागते?

ज्याला गाडी लागते त्याने आभासी वास्तवाच्या, म्हणजे व्हीआरच्या, खेळांच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याच्याच जोडीला आणखी एक समजूत ऐकू येते: मळमळ होते ती डोळ्यांवर बांधायचा हेडसेट स्वस्तातला असल्यामुळे, आणि अधिक स्पष्ट पडद्याचा नवा हेडसेट घेतला की त्रास संपतो. दोन्ही गोष्टींत थोडे तथ्य आहे, पण मुख्य कारण दोन्हींतून निसटते. त्याच हेडसेटवर, त्याच खेळात, तोच माणूस एका पद्धतीने चालला तर पाच मिनिटांत घामाघूम होतो आणि दुसऱ्या पद्धतीने चालला तर तासभर मजेत खेळतो. हा फरक कुठून येतो, हे कळण्यासाठी हेडसेटकडे पाहण्याऐवजी कानाच्या आत पाहावे लागते.

आधी या दोन पद्धती नेमक्या कशा असतात ते पाहू. खेळणारा खोलीत एका जागी उभा असतो, पण खेळातले जग मैलभर पसरलेले असते, तेव्हा त्या जगात पुढे जाण्याची काही तरी सोय करावी लागते. पहिल्या पद्धतीत हातातल्या कंट्रोलरवरची छोटी दांडी अंगठ्याने पुढे रेटली की दृश्य अखंडपणे पुढे सरकू लागते, भिंती बाजूने मागे जातात आणि दांडी सोडली की सारे थांबते. हिला स्मूथ लोकोमोशन म्हणतात. मी तिला सलग चाल म्हणेन. दुसरी पद्धत टेलिपोर्टची. तीत दांडी रेटल्यावर हातातून कारंज्यासारखी वाकलेली एक रेघ निघून जमिनीवर टेकते, टेकलेल्या जागी एक गोल खूण दिसते, आणि दांडी सोडताच दृश्य क्षणभर काळे होऊन आपण त्या खुणेवर उभे असतो. रेघ सरळ न ठेवता वाकवलेली असते त्यालाही कारण आहे. सरळ रेघ लांबवर जमिनीला जवळजवळ समांतर होते आणि हात किंचित हलला तरी खूण कित्येक मीटर पुढेमागे पळते. वाकलेली रेघ जमिनीवर वरून उतरते, त्यामुळे नेम धरता येतो आणि उडीची लांबीही आपोआप मर्यादेत राहते.

आता कानाकडे वळू. आंतरकर्णात ऐकण्याच्या अवयवाला लागूनच तोल सांभाळणारी यंत्रणा असते आणि तिचे दोन भाग असतात. एका भागात जेलीसारख्या पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक रुतलेले असतात. डोके अचानक पुढे ओढले गेले की हे जड स्फटिक मागे रेंगाळतात, त्यांच्याखालचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. दुसरा भाग म्हणजे एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका. डोके वळले की नलिकेतला द्रव जडत्वामुळे मागे राहतो आणि वाटेतला लवचीक पडदा वाकवतो; वळण त्यातून कळते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की स्फटिकांना वेग कळत नाही, फक्त त्वरण, म्हणजे वेगातला बदल, कळतो. सरळ मार्गावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या आगगाडीत डोळे मिटून बसले तर गाडी किती वेगाने चालली आहे हे कान सांगू शकत नाही. हादरे वगळले तर ती चालली आहे की उभी आहे हेसुद्धा सांगू शकत नाही. म्हणून वेग ओळखण्याचे काम मुख्यतः डोळ्यांवर येते, आणि डोळे ते बाजूने वाहणाऱ्या दृश्यावरून करतात. फलाटावर आपली गाडी उभी असताना शेजारची गाडी हळूच सुटते आणि आपणच निघालो असे वाटते, तो याच व्यवस्थेचा परिणाम. स्वतःच्या हालचालीच्या अशा भासांचा अभ्यास एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८७५ मध्येच केला होता. फलाटावरच्या त्या भासाने आपल्याला मळमळत मात्र नाही. आपली गाडी खरोखर इतक्या हळुवारपणे सुटली असती तरी कान जवळजवळ गप्पच राहिला असता. त्यामुळे डोळ्यांचे म्हणणे खोडून काढणारा कोणी नसतो आणि मेंदूपुढे तंटा उभा राहत नाही.

तंटा केव्हा उभा राहतो, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, खेळात २० मीटर लांबीचा सरळ बोळ आहे आणि सलग चालीचा वेग सेकंदाला ३ मीटर आहे. खेळ तयार करणाऱ्याने विचार केला की माणूस काही एकदम पूर्ण वेगात येत नाही, म्हणून त्याने वेग शून्यापासून ३ पर्यंत एका सेकंदात हळूहळू वाढवला. याचा अर्थ डोळ्यांना पूर्ण एक सेकंद ३ मी/से² इतके त्वरण दिसले. हे गुरुत्व त्वरणाच्या जवळपास एक तृतीयांश आहे, आणि कानाला जाणवू शकणाऱ्या किमान त्वरणाच्या कितीतरी पट आहे. एवढे त्वरण खरे असते तर कानाने स्पष्टपणे कळवायलाच हवे होते. प्रत्यक्षात शरीर जागचे हललेले नसल्यामुळे कान काहीच सांगत नाही. थांबतानाही हेच उलट दिशेने घडते. मधल्या पाच-सहा सेकंदांत, जेव्हा वेग स्थिर असतो, तेव्हा मात्र डोळे आणि कान यांच्यात भांडण्यासारखे फारसे काही नसते, कारण खऱ्या प्रवासातही कान अशा वेळी गप्पच असतो.

यातून निघणारा निष्कर्ष सहज बुद्धीला उलटा वाटतो. वेग हळूहळू वाढवण्यापेक्षा एका झटक्यात वाढवणे सोसायला सोपे जाते. सेकंदाला ९० चित्रे दाखवणाऱ्या हेडसेटवर दोन चित्रांमध्ये सुमारे ११ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात वेग शून्यावरून ३ वर नेला, तर कागदावर त्वरण प्रचंड होते, पण ते इतका थोडा वेळ टिकते की डोळे आणि कान यांच्यातल्या विसंगतीला वावच उरत नाही. म्हणूनच जाणकार मंडळी सलग चालीत सुरुवात आणि शेवट तडकाफडकी ठेवतात, आणि चालताना डोके वरखाली डुलवण्याचा ‘वास्तववादी’ हव्यास टाळतात.

मग सरळ बोळात त्रास कमी असेल तर एकूण खेळात तो इतका का होतो? कारण खेळात कोणी सरळ चालत नाही. थांबणे, निघणे, आडवे सरकणे हे सारखे चालू असते, आणि सर्वांत वाईट म्हणजे दांडीने वळणे. समजा बोळाच्या टोकाला ९० अंशांचे वळण आहे आणि ते दीड सेकंदात घेतले, म्हणजे सेकंदाला ६० अंश. नलिकांना सेकंदाला दोन-चार अंशांचे वळणही कळते. खरे तर एकाच गतीने गोल फिरत राहिले तर काही सेकंदांनी नलिकेतला द्रवही सोबत फिरू लागतो आणि संदेश ओसरत जातो. तेव्हा कानाचे मौन रास्त ठरते. पण खेळातले वळण त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणजे सरळ चालीत कानाला गप्प राहण्याचा अधिकार असतो, छोट्या वळणात तो कधीच नसतो. त्यातच दृश्य फिरत असताना डोके खांद्याकडे कलवले तर गोंधळ आणखी वाढतो, कारण कलण्याचा संदेश कानाकडून येतो आणि ज्या फिरण्याशी त्याचा मेळ घालायचा ते फिरणे फक्त डोळ्यांपुरते असते.

दोन इंद्रियांच्या विसंगतीतून मळमळ होते हे मत जेम्स रीझन आणि ब्रँड यांनी १९७५ मध्ये सविस्तर मांडले. याला आधार देणारे एक ठळक निरीक्षण आहे: ज्यांच्या दोन्ही कानांतील तोलाची यंत्रणा पूर्ण निकामी झालेली असते, त्यांना गाडी लागत नाही. विसंगतीचा शेवट नेमका पोटातच का व्हावा, यावर ट्राइसमन यांनी १९७७ मध्ये सुचवले की मेंदू या गोंधळाला विषबाधेचे लक्षण समजतो. ही कल्पना आकर्षक आहे, पण ती सिद्ध झालेली नाही. ‘मन खंबीर असेल तर काही होत नाही’ या म्हणण्याला आणि मनगटावर चुंबक बांधण्याच्या उपायांना मात्र कसलाही आधार नाही. हेच जाहिरातींतल्या ‘मळमळमुक्त’ हेडसेटबद्दल म्हणावे लागेल. चांगला हेडसेट डोके वळवल्यावर दृश्य बदलायला लागणारा विलंब कमी करतो आणि तेवढा त्रास खरोखर वाचवतो, पण दांडीने चालताना कान गप्प आहे हे तो बदलू शकत नाही. उलट रुंद आणि स्पष्ट पडद्यावर कडेचे दृश्य जास्त वाहते आणि चालल्याचा भास अधिक पक्का होतो.

टेलिपोर्ट नेमके हे वाहणेच काढून टाकते. बोळ तीन उड्यांत संपतो, पण दोन जागांच्या मधले एकही चित्र डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे वेग नाही, त्वरण नाही, आणि ज्याची साक्ष कानाकडे मागावी असे काही घडलेलेच नाही. दृश्यातला असा खंड मेंदूला नवाही नाही: आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, आणि नजर सेकंदाला सुमारे तीन वेळा उडी मारते तेव्हा त्या उडीतले पुसट चित्र मेंदू आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही. ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांनी वळण्याची सोय याच तत्त्वावर चालते. चालताना दृश्याच्या कडा काळ्या करून फक्त मध्यभाग उघडा ठेवण्याची युक्तीही कडेचे वाहणे कमी करण्यासाठीच असते. कोलंबिया विद्यापीठातील फर्नांडिस आणि फायनर यांनी २०१६ मध्ये दाखवले की या कडा पुरेशा हळुवारपणे आत आणल्या तर खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही.

याची किंमतही मोजावी लागते. १९९७ मध्येच बाउमन, कोलर आणि हॉजेस यांच्या प्रयोगांत दिसले की एकदम नव्या जागी नेलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे उमगायला अडचण होते. चालताना आपण नकळत पावलांचा आणि वळणांचा हिशेब ठेवतो, तो उडीत तुटतो. मी स्वतः टेलिपोर्टने एक मोठा वाडा फिरलो तेव्हा प्रत्येक खोली नीट आठवत होती, पण कोणत्या खोलीला लागून कोणती, हे मला सांगता येईना. सलग चालीने तोच वाडा फिरलो तेव्हा नकाशा डोक्यात बसला. मात्र जिन्यावर दांडी तिरकी दाबून वळलो आणि काही क्षणांत कपाळावर गार घाम आला.

गार घाम, विनाकारण येणाऱ्या जांभया आणि तोंडात सुटणारे पाणी ही लक्षणे मळमळीच्या आधी येतात, आणि हेडसेट काढायची वेळ तीच. रेटून खेळत राहिले तर त्रास नंतर तासन्‌तास टिकू शकतो. वेळीच थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा वेळ खेळले तर बऱ्याच जणांचा मेंदू हळूहळू या विसंगतीला सरावतो. बघणाऱ्यालाही एक खूण दिसते: दृश्य निघताना किंवा थांबताना खेळणाऱ्याचे खांदे पुढेमागे झुलू लागतात, कारण शरीर नसलेल्या त्वरणाविरुद्ध तोल सावरत असते. माझ्या त्या जिन्यावर मी आता टेलिपोर्ट करतो, सरळ बोळातून सलग चालतो, आणि कोपरा आला की दांडीला हात न लावता पायांवर स्वतःच वळतो. तेव्हा कान आणि डोळे एकच गोष्ट सांगतात.