बालकवि होते, बालकवी कसे झाले?

धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवि’ ही पदवी मिळाली. जुन्या छपाईत ‘वि’ला पहिली वेलांटी दिसते, तर आजच्या पाठ्यपुस्तकात दुसरी. यात मुद्रकाची चूक नाही; मधल्या काळात नियम बदलला.

संस्कृतात कवि, रवि, भूमि, गुरु हे शब्द ऱ्हस्व आहेत, आणि मराठीतही ते पूर्वी तसेच लिहीत. गंमत म्हणजे प्रत्यय लागला की तेव्हाही ‘कवीला’ असे दीर्घच होई. मराठी माणूस शब्दाचा शेवट लांबवूनच बोलतो. लेखणी तेवढी संस्कृतच्या मागे राहिली होती. 1961 साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. त्याने केलेले 14 नियम शासनाने 1962 मध्ये स्वीकारले आणि 1972 मध्ये आणखी 4 आले. त्यांत ठरले, की शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, रवी, भूमी, गुरू. ‘आणि’, ‘नि’ आणि परंतु, तथापि यांसारखी अव्यये तेवढी ऱ्हस्वच राहिली.

जुने लेखन छापताना काय करायचे, तेही या नियमांत आहे. केशवसुतांच्या आधीची कविता मूळ लेखनाप्रमाणे छापायची, नंतरची नव्या नियमांप्रमाणे. बालकवी केशवसुतांनंतरचे, म्हणून त्यांची वेलांटी बदलली.

मुलांची फसगत होते ती जोडशब्दात. वर्गात ‘रवी’ बरोबर लिहिणारी मुले पुढे ‘रवीवार’ लिहितात. मी फळ्यावर शब्द तोडून दाखवते. ‘रवीला’मधला ‘ला’ प्रत्यय आहे, म्हणून वेलांटी दुसरीच राहते. ‘रविवार’मध्ये मात्र ‘वार’ हा स्वतंत्र शब्द जोडला गेला. आता ‘वि’ शेवटी नाही, म्हणून तो मूळच्या ऱ्हस्व रूपावर जातो. कविसंमेलन, गुरुदक्षिणा तसेच. अमळनेरला शिकवणारे साने गुरुजीही पहिल्या उकाराचेच, पाट्यांवर कितीही ‘गुरूजी’ दिसोत.

मग एका मुलीने विचारले, “बाई, मग लक्ष्मीपूजनाला दुसरी का?” प्रश्न अगदी नेमका होता. लक्ष्मी आणि नदी संस्कृतातच दीर्घ आहेत, म्हणून लक्ष्मीपूजन, नदीकाठ. भूमि मुळात ऱ्हस्व, म्हणून भूमिपूजन. एकटे लिहिताना दोन्ही दीर्घच, त्यामुळे नुसत्या शब्दावरून फरक कळत नाही, आणि कानालाही तो नीट लागत नाही. अशा वेळी त्याच मुळाचा ओळखीचा शब्द आठवावा: कविता, भूमिका. तिथली वेलांटी बहुधा मूळ सांगते. तेही आठवले नाही तर कोश उघडायचा.

विद्यार्थी, पक्षी, प्राणी हे शब्द वेगळे, कारण मूळ विद्यार्थिन्, पक्षिन्, प्राणिन्. शेवटचा न् गळून मराठीत ते दीर्घ झाले, पण समासात पुन्हा ऱ्हस्व होतात: पक्षिमित्र, प्राणिसंग्रहालय. ‘विद्यार्थीमंडळ’ मात्र शाळेच्याच फलकावर हमखास दुसऱ्या वेलांटीने रंगवलेले असते. आमच्याकडेही तसेच होते. पेंटरने पैसे आधीच घेतले होते.