श्वासातून कॅलरी कशी मोजतात, आणि बेळगावात त्यासाठी हवेचा दाब का लागतो

आमच्याकडे सकाळी उपाशी पोटी येऊन तुम्ही पलंगावर आडवे होता, डोक्यावर पारदर्शक हूड ठेवला जातो, अर्धा तास शांत पडून राहायचे असते आणि शेवटी हातात एक कागद मिळतो. त्यावर VO2, VCO2, RQ आणि REE अशी चार नावे असतात. VO2 म्हणजे वापरलेला ऑक्सिजन, VCO2 म्हणजे बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि RQ म्हणजे दुसऱ्याला पहिल्याने भागून येणारा आकडा. बहुतेकजण थेट शेवटचा आकडा बघतात. विश्रांतीत असताना शरीर दिवसाला किती किलोकॅलरी खर्च करते, तो हा आकडा. पण यंत्राने तुमची उष्णता मोजलेली नसते. मोजलेली असते फक्त हवा. हवेवरून कॅलरीपर्यंत कसे पोचायचे आणि वाटेत कुठे घसरायला होते, ते ग्राहकांना ठाऊक असावे म्हणून हे पत्रक.

हवेत काय बदलते

खोलीतल्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो. पंखा हूडमधून ठरावीक वेगाने हवा ओढत राहतो. तुमचा श्वास त्या हवेत मिसळतो आणि पलीकडच्या नळीत यंत्र तिचे प्रमाण तपासते.

गेल्या पावसाळ्यानंतर खानापूर तालुक्यातल्या एक काकू आल्या होत्या. वय ४६, वजन ७८ किलो, उंची १५४ सेंटिमीटर. त्यांच्या परवानगीने त्यांचेच आकडे इथे देत आहोत. त्यांच्या हूडमधून बाहेर पडणाऱ्या हवेत ऑक्सिजन २०.२२ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ०.६६ टक्के होता. फरक किती बारीक आहे बघा. ऑक्सिजन एक टक्कासुद्धा घटलेला नाही, आणि सगळा हिशेब त्या एवढ्याशा फरकावर उभा आहे.

सरळ वजाबाकी केली तर ऑक्सिजनची घट ०.७१ टक्के येते. पण शरीर जेवढा ऑक्सिजन घेते तेवढा कार्बन डायऑक्साइड परत देत नाही, थोडा कमी देते. त्यामुळे बाहेर पडणारी हवा आत गेलेल्या हवेपेक्षा किंचित कमी भरते. ही तूट नायट्रोजनवरून काढतात, कारण शरीर नायट्रोजन वायू वापरतही नाही आणि तयारही करत नाही. ती दुरुस्ती केल्यावर खरी घट ०.७३ टक्के निघते.

टक्क्यांचे लिटर करताना

आता किती हवा गेली ते हवे. काकूंच्या वेळी मिनिटाला ३० लिटर हवा जात होती. खोलीचे तापमान २७ अंश, आर्द्रता ६० टक्के. पण ३० लिटर म्हणजे किती ऑक्सिजन, हे हवा किती दाट आहे त्यावर ठरते. गरम हवा पसरते, वाफ जागा अडवते आणि उंचावर हवा विरळ होते. म्हणून सगळे आकडे एका ठरलेल्या स्थितीत आणतात: शून्य अंश तापमान, कोरडी हवा आणि समुद्रसपाटीचा ७६० मिलिमीटर दाब.

आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब ७६० नसतो, ६९५ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो धरून हिशेब केला की काकूंचे ३० लिटर प्रत्यक्षात २४.४ लिटर ठरतात. त्यातून मिनिटाला १७९ मिलिलिटर ऑक्सिजन वापरला गेला आणि १५१ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला.

लिटरांच्या कॅलरी

शरीर साखर जाळते तेव्हा ग्लुकोजच्या एका रेणूला ऑक्सिजनचे सहा रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे सहाच बाहेर पडतात. म्हणजे भागाकार १. तूप-तेलातले पामिटिक आम्ल घेतले तर २३ रेणू ऑक्सिजन लागतो आणि कार्बन डायऑक्साइड १६ च निघतो, म्हणजे भागाकार ०.७. कागदावरचा RQ म्हणजे हाच भागाकार. काकूंचा १५१ भागिले १७९, म्हणजे ०.८४ आला. रात्री भाकरी-आमटी जेवून सकाळी उपाशी आलेल्या माणसात साखर आणि चरबी दोन्ही जळत असतात, त्याला हे धरूनच आहे.

एक लिटर ऑक्सिजनमधून साखर जळताना सुमारे ५ किलोकॅलरी मिळतात आणि चरबी जळताना सुमारे ४.७. फरक थोडाच आहे, म्हणून नेमके काय जळते हे ठाऊक नसतानाही ऑक्सिजनवरून बराच जवळचा अंदाज येतो. उरलेला फरक कार्बन डायऑक्साइडचा आकडा भरून काढतो. ग्लासगोच्या वियर यांनी १९४९ मध्ये हे एका सूत्रात बसवले आणि आजची यंत्रेही तेच वापरतात:

ऊर्जाखर्च = (३.९४१ × ऑक्सिजन + १.१०६ × कार्बन डायऑक्साइड) × १.४४

दोन्ही वायू मिनिटाला मिलिलिटरमध्ये घ्यायचे. दिवसाची १४४० मिनिटे आणि लिटरचे १००० मिलिलिटर, त्यावरून शेवटचा १.४४ येतो. काकूंसाठी ऑक्सिजनचे ७०५.४ आणि कार्बन डायऑक्साइडचे १६७, बेरीज ८७२.४, उत्तर १२५६ किलोकॅलरी. प्रथिनांचा वेगळा हिशेब हवा असेल तर दिवसभराच्या लघवीतला नायट्रोजन मोजावा लागतो. तो आम्ही मोजत नाही. त्याने उत्तरात एक-दोन टक्क्यांचाच फरक पडतो आणि तेवढ्यासाठी चोवीस तास लघवी साठवायला लावणे आम्हाला पटत नाही.

हा खर्च फक्त पडून राहण्याचा आहे. चालणे, शेतातले काम आणि जेवण पचवणे यांचा खर्च त्यावर वेगळा धरायचा.

आमच्याकडून झालेली चूक

यंत्र नवीन असताना हवेचा दाब आम्ही मोबाईलमधल्या हवामानाच्या ॲपवरून बघून भरत होतो. तिथे १०१३ हेक्टोपास्कल दिसायचे, तेच आम्ही लिहायचो. पण हवामानाचे अहवाल दाब समुद्रसपाटीला आणून दाखवतात, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी. बेळगावच्या खोलीतला खरा दाब सुमारे ९२६ हेक्टोपास्कल, म्हणजे वर सांगितलेले ६९५ मिलिमीटर. १०१३ भरले की यंत्राला आपण समुद्रकाठी आहोत असे वाटते आणि ते सगळी हवा साडेनऊ टक्के जास्त दाट धरते.

काकूंच्या बाबतीत ही चूक झाली असती तर उत्तर १३७७ आले असते. वय, वजन आणि उंचीवरून काढायचे मिफ्लिनचे सूत्र त्यांच्यासाठी १३५२ सांगते. म्हणजे त्यांचे शरीर सूत्रापेक्षा ९६ किलोकॅलरी कमी खर्च करत असताना, कागदावर २५ जास्त दिसले असते. आहारतज्ज्ञाने त्यावर आहार ठरवला असता तर काकूंना दिवसाला सव्वाशेच्या आसपास कॅलरी जास्तच मिळाल्या असत्या आणि वजन का उतरत नाही याचा दोष त्यांच्याच माथी आला असता. सूत्रापेक्षा खरा आकडा कळावा म्हणून लोक पैसे देऊन मोजून घेतात. मोजण्यातली चूकच त्या फरकापेक्षा मोठी असेल, तर न मोजलेले बरे.

या चुकीची वाईट गोष्ट अशी की ती RQ मध्ये दिसत नाही. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही सारख्याच पटीने फुगतात, त्यामुळे भागाकार तोच, ०.८४. कागद पाहून कुणालाही शंका येत नाही. रोजच्या तपासण्याही ती पकडत नाहीत. ठरावीक वायूच्या सिलिंडरने टक्केवारी तपासली जाते आणि तीन लिटरच्या पिचकारीने वेग तपासला जातो. दाब या दोन्हींच्या नंतर हिशेबात येतो.

ती सापडली स्पिरिटच्या दिव्याने. शुद्ध इथेनॉल भरलेला दिवा तोलून हूडखाली पेटवायचा, विझल्यावर पुन्हा तोलायचा. ५ ग्रॅम इथेनॉल जळायला ७.३ लिटर ऑक्सिजन लागतो आणि ४.९ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, भागाकार ०.६७. हे रसायनशास्त्राने ठरलेले आहे, त्यात माणसागणिक फरक पडत नाही. आमच्या यंत्राने भागाकार बरोबर दाखवला, पण ऑक्सिजन ८ लिटर दाखवला. तेव्हा लक्षात आले. त्याआधी मोजून गेलेल्या प्रत्येकाला फोन करून आम्ही पुन्हा बोलावले. आता खोलीतच दाबमापक टांगला आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दिवा जाळून पाहतो. त्यासाठी पाणी मिसळलेले स्पिरिट चालत नाही, कारण वजन पाण्याचेही धरले जाते.

RQ कुठे कामाला येतो

तुमच्या बाजूने काही बिघडले असेल तर मात्र RQ ते चटकन सांगतो. हूड पहिल्यांदा डोक्यावर आला की काहींना गुदमरल्यासारखे वाटते आणि श्वास भरभर चालतो. त्याने ऑक्सिजनचा वापर फारसा वाढत नाही, पण रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो आणि RQ १ च्या वर जातो. काकूंचेही पहिल्या काही मिनिटांत असेच झाले होते. म्हणून पहिली पाच मिनिटे आम्ही सोडूनच देतो आणि नंतर सलग पाच मिनिटे दोन्ही वायूंचे आकडे दहा टक्क्यांच्या आत स्थिर राहिले तरच मोजणी धरतो. उलट कुणाला डुलकी लागली तर श्वास मंदावतो, RQ खाली येतो आणि खर्चही कमी दिसतो. म्हणून आम्ही मधूनमधून हाक मारतो, त्याचा राग मानू नका.

सकाळी निघताना कुणी प्रेमाने कुंद्याचा एक घास भरवला असेल, तर तोही RQ मध्ये दिसतो. तसे असेल तर मोकळेपणाने सांगा, दुसरा दिवस देऊ. आदल्या दिवशी एकादशी असेल तर RQ ०.७५ च्या आसपास येऊ शकतो, ती चूक नव्हे. शरीर तेव्हा जास्त करून चरबीवर चाललेले असते.

चहा-कॉफी चार तास आधी बंद. तंबाखू आणि मिश्री सकाळी अजिबात नको. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या आमच्या काही आया-मावशींना मिश्री म्हणजे दात घासणे वाटते, पण तिच्यातले निकोटीन खर्च वाढवते आणि तो वाढलेला खर्च RQ वरून ओळखता येत नाही. म्हणूनच आम्ही दरवेळी विचारतो. दुचाकीवरून आलात तर अर्धा तास आधी पोचा, थंडीच्या दिवसांत तर नक्कीच. अंगात हुडहुडी असेल तर आकडा विश्रांतीचा राहत नाही.

तुमच्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात आता त्या दिवशीचा दाब छापलेला असतो. तो ६९५ मिलिमीटरच्या आसपास असायला हवा. जुन्या कागदावर ७६० च्या जवळचा आकडा दिसला तर तो कागद घेऊन या. मोजणी पुन्हा करून देऊ, त्याचे पैसे लागणार नाहीत.